लहान वजनाचं बाळ घरी आल्यावर: केएमसी पट्टा घेणाऱ्या कुटुंबांसाठी

आमच्याकडून केएमसीचा, म्हणजे बाळाला उघड्या अंगाने छातीशी ठेवण्याच्या 'कांगारू मदर केअर'चा पट्टा नेणाऱ्या बहुतेक कुटुंबांचं बाळ एनआयसीयूमधून नुकतंच घरी आलेलं असतं, नाहीतर एक-दोन दिवसांत येणार असतं. डिस्चार्ज कार्डावर 'केएमसी सुरू ठेवा' एवढंच लिहिलेलं असतं आणि सिस्टरांनी वॉर्डात दाखवलेलं घरी येईपर्यंत निम्मं विसरायला होतं. म्हणून प्रत्येक पट्ट्यासोबत हा कागद देतो. डॉक्टरांनी तुमच्या बाळासाठी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं.

आधी एक सांगून टाकतो, धंद्याच्या विरुद्ध असलं तरी. केएमसीला आमचा पट्टा लागतोच असं नाही. आजीचं जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं किंवा मोठी ओढणीही चालते. पट्ट्याने बांधणं सोपं होतं, हात मोकळे राहतात, इतकाच फरक. बाजारात बाळाला फिरायला नेण्यासाठी जे कॅरियर मिळतात ते मात्र यासाठी वापरू नका. ते मान सावरणाऱ्या मोठ्या बाळांसाठी असतात.

उघड्या छातीवरच का

कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली. इनक्युबेटर कमी, बाळं जास्त, एकाच पेटीत दोन-दोन बाळं आणि त्यातून पसरणारा जंतुसंसर्ग अशी तिथली अवस्था होती. त्यांनी बाळांना आयांच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवायला सुरुवात केली. पुढे ही फक्त नाइलाजाची सोय नसल्याचं दिसून आलं. भारतासह पाच देशांत मोठा अभ्यास झाला. त्यात १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच केएमसी दिली, तेव्हा आधी तब्येत स्थिरावेपर्यंत थांबण्याच्या तुलनेत पहिल्या महिन्यातले मृत्यू साधारण चौथ्या हिश्श्याने कमी झाले. आपल्याकडे दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं.

कारण साधं आहे. लहान बाळाच्या त्वचेखाली चरबी जवळजवळ नसते आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे उष्णता झपाट्याने निघून जाते. आपण थंडीने कुडकुडतो, तसं त्याला येत नाही. अंग गरम ठेवायला ते रक्तातली साखर जाळतं. साखर कमी झाली की ते मलूल होतं, चोखत नाही, दूध कमी जातं आणि आणखी गार पडतं. हे चक्र तोडायला दुपट्यावर दुपटी गुंडाळून फारसं भागत नाही, कारण दुपटं उष्णता देत नाही, असलेली फक्त धरून ठेवतं. आईचं अंग उष्णता देतं. शिवाय छातीवर असलेलं बाळ जास्त वेळा दूध मागतं, आईलाही पान्हा चांगला येतो.

कसं ठेवायचं

आईने पुढून उघडणारा गाऊन किंवा सैल ब्लाऊज घालावा, आत ब्रा नको. छाती साध्या पाण्याने पुसलेली असावी. बाम, अत्तर, पावडर काही नको. मंगळसूत्र काढून ठेवा किंवा पाठीमागे टाका, नाहीतर मणी बाळाच्या गालात रुततात. बाळाला फक्त टोपरं, पायमोजे आणि लंगोट. बाकी अंग उघडं.

बाळाला दोन्ही स्तनांच्या मधोमध उभं ठेवा. डोकं एका कुशीला वळवा आणि हनुवटी किंचित वर असू द्या. या कागदातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या: हनुवटी छातीला टेकली की या बाळांचा श्वास अडू शकतो, कारण त्यांची श्वासनलिका अजून मऊ असते. नाकपुड्या दिसल्या पाहिजेत. हात कोपरात दुमडून आईच्या छातीवर, पाय बेडकासारखे फाकून दुमडलेले, पोट आईच्या पोटाच्या वरच्या भागाला टेकलेलं.

आता पट्टा. वरची कड बाळाच्या कानाच्या पाळीखाली आली पाहिजे. घट्ट भाग बाळाच्या छातीवर येऊ द्या, पोटावर नाही. ही बाळं पोटाने श्वास घेतात, तिथे पट्टा आवळला तर श्वास घेताना त्यांना जोर लावावा लागतो. बांधून झालं की आईने हळूच उभं राहून बघावं. बाळ खाली घसरलं किंवा मान पुढे कलंडली तर पट्टा सैल आहे. सोडून पुन्हा बांधा, ओढून सावरू नका. वरून गाऊन लावा, थंडी असेल तर शाल घ्या.

एका वेळी निदान एक तास तरी ठेवा. सारखं उचलून ठेवल्याने बाळाची झोपही मोडते आणि ऊबही जाते. दिवसभरात मिळून आठ तास तरी व्हावेत, जितकं जास्त तितकं बरं. एकटी आई इतका वेळ देईल ही अपेक्षाच चुकीची. वडील, आजी, मावशी, कोणीही निरोगी माणूस ठेवू शकतं. सर्दी-खोकला किंवा अंगावर खरूज-गजकर्ण असलेल्यांनी मात्र बरं होईपर्यंत थांबावं. तंबाखू, बिडी-सिगारेट ओढून कुणी बाळ घेऊ नये. सिझर झालेल्या आईलाही हे जमतं. पट्टा टाक्यांच्या वर राहतो आणि टेकून बसलं की पोटावर ताण येत नाही.

झोपायचं असेल तर सपाट नको. पाठीमागे उशा लावून अर्धवट टेकून झोपा आणि घरातलं दुसरं माणूस अधूनमधून बाळाची मान बघेल असं ठरवा. खूप थकवा आला असेल तर बाळ दुसऱ्याच्या छातीवर द्या.

ऊब आहे की नाही, कसं कळतं

तळहाताची उलटी बाजू आधी बाळाच्या पोटाला, मग तळपायाला लावा. दोन्ही उबदार, बाळ ठीक. पोट उबदार पण पाय गार, म्हणजे बाळ गार पडायला लागलंय. दोन्ही गार, तर वेळ घालवू नका. थर्मामीटर काखेत लावाल तर ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइटच्या दरम्यान आकडा हवा. कपाळाला हात लावून मात्र काही कळत नाही.

गार पडल्यावर घराघरांत आधी शेगडी पेटते, त्यावर ओवा-शेपा टाकून धुरी दिली जाते. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी नकोच. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि लहान बाळाला तो सर्वांत आधी बाधतो. गरम पाण्याची पिशवी बाळाला लावू नका, नाजूक कातडी भाजते. खोलीत पंखा बंद आणि खिडकीतून वाऱ्याचा झोत नको. बाळाचं वजन अडीच किलो होईपर्यंत आंघोळ, जोरदार मालीश, टाळूवर तेल थापणं थांबवा. कोमट ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरतं. आजींना हे पटवणं सोपं नसतं. आम्ही सुचवतो की त्यांनाच बाळ छातीवर द्या, मग वाद बराच कमी होतो.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात याची दुसरी बाजू दिसते. ९९.५ च्या वर गेलं तर टोपरं आणि शाल काढा, खोली हवेशीर करा, अर्ध्या-एक तासाने पुन्हा मोजा. तरीही उतरला नाही तर तो ताप समजून डॉक्टरांना दाखवा.

दूध: एक उदाहरण

समजा, बाळ ३४ व्या आठवड्यात झालं, आता बारा दिवसांचं आहे आणि वजन १.८ किलो आहे. या वयात साधारण किलोमागे १५० ते १८० मिलिलिटर दूध दिवसभरात लागतं. १६० धरलं तर १.८ किलोला २८८ मिलिलिटर. दर दोन तासांनी म्हणजे बारा वेळा पाजायचं, तर एका वेळी २४ मिलिलिटर. औषधाचा पाच मिलिलिटरचा चमचा घेतला तर पाचपेक्षा किंचित कमी. कार्डावर डॉक्टरांनी वेगळा आकडा लिहिला असेल तर तोच धरा.

चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांनंतर बसायला लागतो. म्हणून हे बाळ अंगावर थोडं ओढून थकतं आणि झोपतं. थकलं म्हणजे पोट भरलं असा समज होतो. आधी अंगावर घ्या, मग उरलेलं हाताने काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. बाळ अर्धवट उभं, चमचा खालच्या ओठावर टेकवा आणि त्यालाच जिभेने ओढू द्या. घशात ओतलं तर ठसका लागतो, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. बाटली नको. रडण्याची वाट पाहू नका, दोन-अडीच तास झाले की झोपलेलं असलं तरी तळपाय चोळून उठवा. पाजून झाल्यावर लगेच केएमसीत ठेवा, ढेकरही निघतो.

काढलेलं दूध झाकलेल्या स्वच्छ भांड्यात खोलीत चार तास, फ्रिजमध्ये एक दिवस ठेवा. कोमट पाण्याच्या वाटीत भांडं धरून गरम करा, गॅसवर नाही. गुटी, मध, साखरेचं पाणी, गाईचं दूध यातलं काही नको. व्हिटॅमिन डी आणि लोहाचे थेंब डॉक्टर सांगतील तेव्हा.

पुरतंय की नाही हे वजन सांगतं. १.८ किलोच्या बाळाचं वजन दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास वाढावं. रोज मोजू नका. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, उघड्या अंगाने मोजा. आशाताई गृहभेटीला येतात तेव्हा त्यांच्या काट्यावर मोजून वहीत लिहून घ्या. आठवड्यात शंभर ग्रॅमही वाढलं नाही तर बालरोगतज्ज्ञांना भेटा, बहुतेक वेळा दूध कमी जात असतं. रोज सहा-आठ वेळा शू होते का, तेही बघा.

याच बाळाचं एका सकाळी काखेतलं तापमान ९६.८ भरलं, असं समजा. लंगोट ओला असेल तर बदला, लगेच केएमसीत घ्या, वरून शाल घ्या, पंखा बंद करा, दूध पाजा. तासाभराने पुन्हा मोजा. ९७.७ च्या वर आलं तर केएमसी सुरू ठेवा. आलं नाही तर दवाखाना गाठा आणि तिथपर्यंत बाळ छातीवरच ठेवून न्या. रिक्षातल्या वाऱ्यात दुपट्यात नेलेलं बाळ आणखी गार होऊन पोहोचतं.

लगेच निघायचं तेव्हा

बाळ दूध ओढेनासं झालं, उठवूनही उठत नाही, मिनिटाला साठच्या वर श्वास घेतंय, छातीत खड्डे पडतायत, ओठ निळे पडलेत, झटके येतायत, तळहात-तळपायापर्यंत पिवळं दिसतंय किंवा श्वास मध्येच थांबतोय. यातलं एकही दिसलं तर थेट निघा. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. श्वास थांबला वाटला तर तळपायाला टिचकी मारा, पाठ चोळा.

पट्ट्याबद्दल

दोन पट्टे घ्या किंवा एक पट्टा आणि एक ओढणी ठेवा, कारण रोज धुवावा लागतो. साध्या साबणाने धुवा, फॅब्रिक कंडिशनर नको, उन्हात वाळवा. बाळ अडीच किलोचं होईपर्यंत वापर चालू ठेवा. त्या सुमारास ते आपणहून हातपाय झाडून बाहेर यायला बघतं, कुरकुर करतं, तेव्हा बांधून ठेवू नका. शिवण उसवली किंवा वेलक्रो सैल झाला तर लगेच आमच्याकडे आणून द्या, बदलून देऊ. सैल वेलक्रोचा पट्टा घरी सुईदोऱ्याने शिवून वापरू नका.