तळाची ‘अनसबस्क्राइब’ ओळ: बेळगावच्या निर्यातदारासाठी थोडी पार्श्वभूमी

उद्यमबागेतल्या किंवा मच्छेतल्या एखाद्या फाउंड्रीतून अनोळखी परदेशी कंपनीला पहिला मेल जातो, तेव्हा त्याच्या तळाशी हल्ली बहुधा एक ओळ असते: पुढे मेल नको असल्यास इथे क्लिक करा. नमुना कुणाकडून तरी आलेला असतो आणि ही ओळ त्यातच असते. ती घातली की कायद्याचे काम झाले, असे पाठवणारा धरून चालतो. अमेरिकेत हे बऱ्याच अंशी खरे आहे. जर्मनीत नाही. हायड्रॉलिकचे सुटे भाग करणाऱ्याच्या यादीत जर्मन नावे हटकून असतातच, म्हणून हा फरक कसा पडला ते पाहायला हवे.

अनोळखी लोकांना घाऊक मेल पाठवण्याची जी पहिली घटना नेहमी सांगितली जाते, ती धंद्याचीच आहे. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकी संगणक कंपनीतल्या गॅरी थुर्क यांनी इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट या नेटवर्कवरच्या सुमारे 400 जणांना एकच संदेश पाठवला. नवीन संगणकाचे प्रात्यक्षिक आहे, बघायला या, एवढाच मजकूर. पत्ते नेटवर्कच्या छापील डिरेक्टरीतून उचलले होते आणि ते इतके होते की रकान्यात न मावता मजकुरातच सांडले. तक्रारी आल्या, वरून समज मिळाली. थुर्क मात्र त्या मेलमुळे मोठी विक्री झाल्याचे पुढे सांगत राहिले. डिरेक्टरीत पत्ता छापला आहे म्हणजे तिथे विकायला लिहिता येते का, हा प्रश्न त्या दिवसापासूनचा.

अमेरिकेने त्याचे उत्तर 2003 साली दिले. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी ‘आधी संमती, मग मेल’ असा कडक कायदा केला होता आणि तो 1 जानेवारी 2004 ला लागू व्हायचा होता. त्याआधीच वॉशिंग्टनने कॅन-स्पॅम हा देशभराचा कायदा आणला, आणि कॅलिफोर्नियाचा कायदा बहुतांशी निष्प्रभ झाला. केंद्राचा कायदा उलट्या बाजूने विचार करतो: विचारल्याशिवाय पाठवा, पण नको म्हणण्याची सोय द्या. विषयाची ओळ फसवी नको, पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता हवा, नको म्हणण्याची सोय मेल गेल्यापासून निदान 30 दिवस चालू हवी आणि कुणी नको म्हटले तर 10 कामकाजाच्या दिवसांत पाठवणे थांबवायला हवे. कंपनीने कंपनीला लिहिलेल्या मेललाही यातून सूट नाही. आपल्या नमुन्यांच्या तळाशी दिसते ती ओळ या विचारातली. तिच्यासोबतचा टपालाचा पत्ता मात्र आपल्याकडे गळून पडतो. ‘बेळगाव, इंडिया’ एवढे लिहून भागत नाही, तिथे टपाल पोचले पाहिजे.

युरोप दुसऱ्या वाटेने गेला. 2002 च्या ई-प्रायव्हसी निर्देशाने व्यक्तीला जाहिरातीचा मेल पाठवण्याआधी संमती सक्तीची केली. कंपन्यांना किती संरक्षण द्यायचे, हे मात्र एकेका देशावर सोडले, आणि गोंधळ तिथून सुरू झाला. ब्रिटनने नोंदणीकृत कंपनीला मेल पाठवायला मोकळीक ठेवली, पण एकट्या मालकाचा धंदा व्यक्तीतच धरला. जर्मनीने 2004 मध्ये अनुचित स्पर्धेचा कायदा नव्याने लिहिला आणि असा काही फरकच ठेवला नाही. जाहिरातीचा मेल घरच्या माणसाला असो वा कारखान्याला, आधी स्पष्ट संमती हवी. अपवाद जुन्या गिऱ्हाइकापुरता, तोही अटींसह.

आता एक उदाहरण घेऊ. व्हॉल्व्हबॉडीची कास्टिंग करणाऱ्या एका युनिटने हॅनोव्हरच्या औद्योगिक जत्रेतल्या प्रदर्शकांची यादी मिळवली आणि त्यातल्या जर्मन कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून दीडशे पत्ते काढले. मेल साधा आणि सभ्य आहे: आम्ही अमुक ग्रेडचे कास्टिंग करतो, मशीनिंगही आमच्याकडेच होते, ड्रॉइंग पाठवलेत तर कोटेशन देऊ. तळाशी ‘अनसबस्क्राइब’ आहेच. मालकाचा युक्तिवाद बिनतोड वाटतो: पत्ता त्यांनी स्वतःच जाहीर केलाय, मग लिहिले तर बिघडले कुठे?

बिघडते ते असे. जर्मन संकेतस्थळावर ‘इम्प्रेसुम’ नावाचे पान असते आणि ईमेलचा पत्ता बहुधा तिथेच सापडतो. तो तिथे असतो कारण कायद्यानेच तो द्यायला लावलेला आहे. सक्तीने लावलेल्या पाटीवरून आमंत्रणाचा अर्थ निघत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे 2008 साली हाच मुद्दा आला होता. ऑनलाइन फुटबॉल खेळ चालवणाऱ्या एकाने गावोगावच्या क्लबांना मेल केला की तुमच्या संकेतस्थळावर आमची जाहिरात लावाल का, आम्ही पैसे देऊ. क्लबाने पत्ता जाहीर केला होता तो क्लबाच्या नेहमीच्या कामासाठी, अशा व्यवहारासाठी नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्याच काळातल्या दुसऱ्या एका निकालात उलट बाजू स्पष्ट झाली: एखादी कंपनी जे विकते ते विकत घ्यायची चौकशी करणारा मेल किंवा फॅक्स चालतो, कारण तेवढ्यासाठी तिने पत्ता दिलेलाच असतो. म्हणजे आपल्या युनिटने त्याच जर्मन कंपनीकडून तिचा पंप विकत मागितला तर हरकत नाही. तिला आपले कास्टिंग विकायला गेलो की ती जाहिरात.

2009 मध्ये याच न्यायालयाने आणखी एक दार बंद केले: असा एक मेलसुद्धा धंद्यात बेकायदा ढवळाढवळ ठरू शकतो. ‘एकदाच तर पाठवला’ हा बचाव संपला. मग वकिलाचे पत्र येते. यापुढे करणार नाही असे लिहून द्या, पुन्हा केल्यास दंड मान्य करा, आणि आमचा खर्च भरा. जर्मनीहून बेळगावपर्यंत वसुलीला कोण येणार, असे एखादा म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नाही. पण तिथे आपला एजंट किंवा वितरक असेल तर पत्र त्याच्या टेबलावर पडते. मला वाटते, त्या एजंटला पहिला राग आपलाच येईल.

या निर्बंधाची एक गंमत आहे. कागदी पत्र त्यात येत नाही. कॅटलॉग आणि पत्र टपालाने पाठवता येते, समोरच्याने नको असल्याचे कळवले नसेल तोवर. कंपनीला फोनही करता येतो, पण त्यांना या मालात रस असेल असे मानायला ठोस कारण हवे. म्हणून दीडशे मेलऐवजी ज्यांच्या मालात आपली कास्टिंग खरोखर बसते अशी वीस-पंचवीस नावे निवडून इंग्रजीत एक पानाचे पत्र टाकणे, खाली ‘मेलवर माहिती हवी असल्यास कळवा’ असे लिहिणे, हा जुना मार्ग तिथे आजही जास्त सुरक्षित आहे. कुणी होकार कळवला तर त्याची तारीख आणि मूळ मेल जपून ठेवायचा, कारण संमती होती हे सिद्ध करायची जबाबदारी पाठवणाऱ्याची. जत्रेत कुणी कार्ड देऊन ‘डक्टाइल आयर्नचे दर पाठवा’ म्हणाले असेल, तर कार्डाच्या मागे तेवढेच लिहून ठेवावे आणि तेवढेच पाठवावे. पुढच्या दिवाळीच्या शुभेच्छा आणि कंपनीची नवी फिल्म त्या संमतीत बसत नाहीत.

25 मे 2018 पासून युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला आणि त्याने वेगळाच प्रश्न विचारला: माझे नाव तुमच्याकडे आले कुठून? info@ ने सुरू होणारा कंपनीचा पत्ता सहसा वैयक्तिक माहितीत येत नाही, पण खरेदी अधिकाऱ्याचे नाव-आडनाव असलेला पत्ता येतो. माहिती त्या माणसाकडून थेट मिळालेली नसेल, तर पहिल्या संपर्काच्या वेळीच आपण कोण, नाव कुठून मिळाले, कशासाठी वापरतोय आणि तुम्ही नकार देऊ शकता, हे सांगावे लागते. विकत घेतलेली यादी इथेच अडते, कारण विकणाऱ्याने ती कुठून गोळा केली हे घेणाऱ्याला ठाऊकच नसते.

कायदे बाजूला ठेवले तरी मेलपेट्या चालवणारे आहेतच. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने घाऊक पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या. जीमेलच्या हिशेबात घाऊक म्हणजे दिवसाला 5,000 च्या आसपास. जाहिरातीच्या मेलमधून एका क्लिकवर बाहेर पडता आले पाहिजे, विनंती दोन दिवसांत पाळली पाहिजे आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांपर्यंत जाता कामा नयेत. तळाची ओळ इथेही पुरत नाही, कारण मेलपेटी वाचते ते मेलच्या शीर्षातले हे:

```
List-Unsubscribe: <https://example.com/u/4821>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

आपले युनिट 5,000 मेल पाठवत नाही, पण तक्रारींचा डाग त्याच्याही डोमेनला लागतो. तो कळतो उशिरा, आणि भलत्याच ठिकाणी: दहा वर्षांचे गिऱ्हाईक फोन करून विचारते की कोटेशन अजून का आले नाही, आणि ते त्याच्या स्पॅममध्ये पडलेले असते.

भारतात इतकी वर्षे याबाबत सामसूम होती. ट्रायचे नियम फोन आणि एसएमएससाठी आहेत, ईमेलसाठी नाहीत. त्रासदायक ईमेलही ज्यात येत होता ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम 66ए सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये रद्द केले, तेही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या प्रकरणात. 2017 मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधनांना त्या अधिसूचनेत 18 महिन्यांची मुदत आहे. कायदा केंद्राचा, त्यामुळे निपाणीला एक आणि कागलला दुसरा असे काही नाही.

त्यातली एक तरतूद नीट वाचायला हवी. माणसाने स्वतः जाहीर केलेली, किंवा कायद्याच्या सक्तीने जाहीर झालेली वैयक्तिक माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. जर्मनीच्या जवळपास उलटे. पण ‘स्वतः’ हा शब्द महत्त्वाचा. शिरोलीच्या कारखान्याच्या मालकाने आपला नंबर आणि ईमेल स्वतः टाकला असेल तर एक गोष्ट. त्याच कारखान्याने खरेदी विभागातल्या पोराचे नाव परस्पर छापले असेल, तर ते त्याने स्वतः जाहीर केले असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. एरवी संमती घ्यायची तर ती मुक्त, ठरावीक कामापुरती आणि दिली तितक्याच सहजपणे मागे घेता येणारी हवी. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्यायही द्यावा लागेल. त्या 22 भाषांत कन्नड आहे आणि मराठीही. कोणता कागद कोणत्या भाषेत मिळावा यावरून इतकी वर्षे भांडणाऱ्या या जिल्ह्यात, तो पर्याय इथे निदान वाचणाऱ्याच्या हाती आहे.

राहिला नकाराच्या नोंदीचा प्रश्न. कुणी नको म्हटले की ऑफिसातला मुलगा एक्सेलमधली ती ओळच पुसून टाकतो. सहा महिन्यांनी नवी यादी येते, त्यात तोच पत्ता असतो आणि मेल पुन्हा जातो. नकार पाळायचा तर पत्ता पूर्ण विसरता येत नाही. नाव, हुद्दा, फोन काढून टाकून फक्त ईमेल आणि नकाराची तारीख एका वेगळ्या शीटमध्ये ठेवायची आणि प्रत्येक नवी यादी आधी त्या शीटशी ताडून पाहायची.