फोटोतल्या चंद्रावरून विवराचा व्यास कसा काढायचा

परवा शुद्ध दशमीला साताऱ्यात आकाश एकदम स्वच्छ होतं, अजिंक्यताऱ्याच्या बाजूला चंद्र वर आलेला, म्हणून गच्चीवर छोटी दुर्बीण लावली आणि तिच्या आयपीसला मोबाईल टेकवून फोटो काढला. आठवीतली भाची म्हणाली, "मामा, हा मोठा खड्डा किती किलोमीटरचा असेल?" तो कोपर्निकस होता. म्हटलं मोजूया की.

चंद्राचा व्यास साधारण ३४७५ किलोमीटर. फोटोत चंद्र किती पिक्सेलचा दिसतो ते मोजायचं, ३४७५ ला त्यानं भागायचं, म्हणजे एका पिक्सेलला किती किलोमीटर ते कळतं. चंद्र किती लांब आहे, झूम किती होता, काही माहिती लागत नाही, कारण विवर आणि चंद्र एकाच फोटोत आहेत. फोटो फॉरवर्ड होऊन लहान झाला तरी दोन्ही सारखेच लहान होतात.

भाचीनं चंद्र आडवा मोजला, १०३० पिक्सेल. म्हणजे पिक्सेलला ३.३७ किलोमीटर, विवर ३८ पिक्सेल, उत्तर आलं १२८. खरा आकडा ९३ च्या आसपास आहे. चूक कुठं झाली? दशमीचा चंद्र पूर्ण नसतो, एका बाजूनं अंधारानं कापलेला असतो, त्यामुळं आडवी रुंदी हा व्यासच नाही. अंधाराची कड गोल काठाला वर आणि खाली जिथं मिळते त्या दोन टोकांतलं अंतर घ्यायचं. ते आलं १४२० पिक्सेल, म्हणजे पिक्सेलला २.४५ किलोमीटर, आणि कोपर्निकस बरोब्बर ९३!

मग तिनं वरच्या काठाजवळचा प्लेटो घेतला, आणि तो लांबट दिसतो, ४१ बाय २६ पिक्सेल. कुठला आकडा धरायचा? प्लेटो खरं तर गोलच आहे, पण चंद्र चेंडूसारखा असल्यामुळं काठाजवळची जमीन आपल्याला तिरकी दिसते आणि विवर केंद्राकडून काठाकडं जाणाऱ्या दिशेत दबतं, काठाला समांतर दिशेत दबत नाही. म्हणून लांब बाजू घ्यायची, ४१ गुणिले २.४५ म्हणजे १००, आणि प्लेटो साधारण तेवढाच आहे. आखूड बाजू धरली असती तर ६४ आले असते.

खरंच तिरकेपणामुळंच आहे का हे तपासताही येतं. प्लेटो चंद्राच्या मध्यापासून ५५५ पिक्सेलवर होता, त्रिज्या ७१०, भागाकार ०.७८. त्याचा वर्ग १ मधून वजा करून वर्गमूळ काढलं की ०.६२ येतं, आणि २६ ला ०.६२ नं भागलं की ४२, म्हणजे लांब बाजूएवढंच. भाचीनं हे गणित दोनदा करून बघितलं.

एक मात्र आहे, विवराची कड नेमकी कुठं धरायची ते सावलीमुळं नीट कळत नाही. दोन पिक्सेल इकडंतिकडं झाले की ५ किलोमीटरचा फरक पडतो, त्यामुळं ९३ आलं तरी ८८ ते ९८ असंच वहीत लिहायला सांगितलं. आणि फोटो जास्त उजळ आला असेल तर चंद्राचा काठच फुगतो, मग एक्स्पोजर कमी करून परत काढायचा.