व्हीपीएन आणि वेग: दोष एन्क्रिप्शनचा की अंतराचा?

«व्हीपीएन लावला की नेट रांगतं. एन्क्रिप्शन जड असतं म्हणूनच ना?»

बहुतेक वेळा नाही. आजचे लॅपटॉप आणि फोन एन्क्रिप्शन सहज पेलतात. वायरगार्डमध्ये १५०० बाइटच्या पॅकेटमागे ६० बाइट वेष्टनात जातात, म्हणजे जेमतेम ४ टक्के. अपवाद स्वस्त राउटरवर चालणाऱ्या ओपनव्हीपीएनचा. तिथे प्रोसेसर खरोखर दमतो. डाउनलोड चालू असताना राउटरवर `top` पाहा, ओपनव्हीपीएन एक अख्खा कोअर खाताना दिसेल.

खरा घोळ अंतराचा. टीसीपी ठरावीक डेटा पाठवून पोच येईपर्यंत थांबतं. समजा, ही खिडकी १ एमबीची आहे. पुण्याहून मुंबईच्या सर्व्हरला फेरी १० मिलिसेकंदांची धरली, तर सेकंदाला १०० एमबी जाऊ शकतात. न्यूयॉर्कची फेरी २५० धरली, की तीच खिडकी सेकंदाला ४ एमबीवर, म्हणजे ३२ एमबीपीएसवर अडकते. लाइन ३०० एमबीपीएसची असली तरी!

स्पीड टेस्ट इथे फसवते. व्हीपीएनशिवाय ती शेजारचा सर्व्हर निवडते, व्हीपीएनचा सर्व्हर न्यूयॉर्कमध्ये असेल, तर तो लावल्यावर न्यूयॉर्कचा. ही तुलनाच नव्हे. वायफाय सोडून केबल लावा आणि न्यूयॉर्कमधला iperf3 चालणारा एकच सर्व्हर धरून, व्हीपीएन आलटून पालटून चालू-बंद करत, तीन-तीनदा मोजा:

```
iperf3 -c SERVER -R -t 20
iperf3 -c SERVER -R -t 20 -P 8
```

पहिली आज्ञा एकाच जोडणीवर मोजते, दुसरी एकाच वेळी आठ जोडण्यांवर, म्हणजे आठ खिडक्यांवर. व्हीपीएनवर दुसऱ्या आज्ञेची बेरीज कितीतरी जास्त आली, तर एन्क्रिप्शन निर्दोष. व्हीपीएनचा जवळचा सर्व्हर निवडा.