खोक्यावर १२ तास, घरात दोन: सौर दिव्यांचे किट कसे पारखावे

खोक्यावर छापलेले असते: ६ वॅटचे पॅनल, ६००० एमएएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी, २०० लुमेनचे तीन दिवे, मोबाइल चार्जिंगची सोय आणि ‘१२ तास प्रकाश’. घरी तिन्ही दिवे एकदम लावले की दोन तासांत अंधार होतो आणि सगळा दोष बॅटरीवर जातो. पुष्कळदा किटमधला एकही भाग खोटा नसतो. १२ तास म्हणजे किती दिवे, किती उजेडावर, एवढेच सांगायचे राहिलेले असते. म्हणून आधी याच किटचा हिशेब मांडू आणि मग एकेक भाग तपासू.

हिशेब वॅटमध्ये केला तर फसगत होते. अशा किटमधले ६ वॅटचे पॅनल म्हणजे साधारण ६ व्होल्टला १ अँपिअर देणारे पॅनल. बॅटरी मात्र ३.२ व्होल्टची असते. साध्या किटमध्ये पॅनल आणि बॅटरीच्या मधे असलेला चार्ज कंट्रोलर फक्त दार उघडण्या-मिटण्याचे काम करतो, त्यामुळे जोडणी झाली की पॅनलचे व्होल्टेज ओढले जाऊन बॅटरीच्या जवळ येते. प्रवाह तेवढाच, १ अँपिअरच्या आसपास राहतो. म्हणजे बॅटरीत जातात जेमतेम ३.३ वॅट आणि उरलेली शक्ती पॅनलमध्येच उष्णता होऊन राहते. जास्तीचे व्होल्टेज प्रवाहात बदलणारे एमपीपीटी सर्किट काही किटमध्ये असते, पण छोट्या किटमध्ये ते गृहीत धरू नये. म्हणून मोजायचे ते अँपिअर-तास, म्हणजे प्रवाह गुणिले वेळ.

निरभ्र दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडणारे ऊन एकत्र केले, तर ते कडक उन्हाच्या सुमारे ५ तासांइतके भरते. अशा किटच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही दिवस इतक्याच उन्हाचा धरतात. १ अँपिअर गुणिले ५ तास म्हणजे ५ अँपिअर-तास. काचेवरची धूळ, पॅनलचा चुकलेला कोन, सकाळी पडणारी झाडाची सावली यांत पाचवा हिस्सा गेला, तर हाती ४ उरतात. बॅटरी ६००० एमएएच म्हणजे ६ अँपिअर-तासांची आहे, त्यामुळे ती एका दिवसात भरतच नाही.

आता खर्च पाहू. चांगला एलईडी दिवा १ वॅटमध्ये १०० लुमेनच्या आसपास उजेड देतो, म्हणून २०० लुमेनला २ वॅट. दिव्याच्या सर्किटमधली गळती धरली तर बॅटरीतून ०.७ अँपिअर ओढले जातात. तीन दिव्यांना २.१ अँपिअर. दिवसाच्या ४ अँपिअर-तासांत ते दोन तासही पुरत नाहीत. एकच दिवा लावला तर तेवढ्याच कमाईत साडेपाच तासांहून थोडे जास्त मिळतात. मग १२ तास आले कुठून? बॅटरी काठोकाठ भरलेली, एकच दिवा, तोही मधल्या उजेडावर आणि मोबाइल लावलेला नाही, असे धरले की १२ तास बरोबर जुळतात.

मोबाइलचा भार याहून मोठा आहे. बटणांच्या साध्या फोनची बॅटरी १००० एमएएचच्या आसपास असते. ती भरायला किटच्या बॅटरीतून सुमारे दीड अँपिअर-तास जातात, म्हणजे एका दिव्याचे दोन तास. ५००० एमएएचच्या स्मार्टफोनमध्ये मावणारी ऊर्जा किटच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीइतकीच असते, आणि वाटेतली गळती धरता तो या किटवर पूर्ण भरूच शकत नाही. किट घेण्याआधी घरात कोणता फोन आहे हे पाहणे दिवे मोजण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पॅनलची पहिली परीक्षा पट्टीने होते. पूर्ण उन्हात प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट सूर्यशक्ती पडते आणि सिलिकॉनचे सेल त्यातली साधारण १८ ते २२ टक्के वीज करतात. म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर सेलमागे २ वॅट, फार तर किंचित वर. ६ वॅटला निदान २७० ते ३३० चौरस सेंटिमीटर सेल हवेत. चौकट आणि सेलभोवतीची कोरी जागा सोडून फक्त निळ्या-काळ्या सेलची लांबी-रुंदी मोजा. १० बाय १५ सेंटिमीटर भरले तर खोक्यावर काहीही लिहिलेले असो, ते पॅनल ३ वॅटच्या आसपासचे आहे. दुकानात उभ्या उभ्या होणारी याहून खात्रीची तपासणी मला माहीत नाही.

दुसरी परीक्षा मल्टिमीटरने. पुष्कळ जण पॅनलचे व्होल्टेज दाखवून खात्री पटवतात. त्यावर विसंबू नका, कारण ढगाळ हवेतही व्होल्टेज जवळजवळ पूर्ण दिसते. कमी उन्हात पडतो तो प्रवाह. त्यासाठी पॅनल किटपासून वेगळे करा, मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, चकती डीसी अँपिअरवर आणा आणि दोन्ही टोके थेट पॅनलच्या दोन तारांना लावा. एवढ्या लहान पॅनलला अशा शॉर्टने काही होत नाही. निरभ्र दुपारी पॅनल सूर्याकडे सरळ तोंड करून धरले असता ०.९ ते १.१ अँपिअर दिसायला हवेत. ०.५ दिसले तर पॅनल निम्मेच आहे. आकडा दिसत असतानाच एका सेलवर तळहात ठेवून पाहा: प्रवाह धाडकन खाली येतो. सगळे सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि झाकलेला एक सेल बाकीच्यांची वाट अडवतो. छपरावर पॅनलच्या एका कोपऱ्यावर येणारी फांदीची सावली किती महागात पडते ते इथे डोळ्यांनी दिसते. हीच जोडणी बॅटरीला मात्र कधीही करू नका. तिथे ठिणगी उडते, मीटरचा फ्यूज जातो आणि वायर तापून हात भाजू शकतो.

पॅनलवर काच आहे की प्लॅस्टिकचा चकचकीत थर, हेही पाहा. राळेचा किंवा प्लॅस्टिकचा थर उन्हाने पिवळा पडतो, कडेने सुटतो आणि आत ओल शिरते. काच आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट असलेले पॅनल वर्षानुवर्षे टिकते.

बॅटरीत नुसते एमएएच वाचून तुलना करता येत नाही, व्होल्ट सोबत हवेत. ३.२ व्होल्टची ६००० एमएएच बॅटरी म्हणजे १९ वॅट-तास. १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी ८४ वॅट-तासांची असते, तरी ती तळापर्यंत वापरली तर भरण्या-रिकामे होण्याच्या काहीशे फेऱ्यांत संपते. लिथियम फॉस्फेट बॅटरी नीट वापरली तर २००० फेऱ्यांच्या आसपास चालते. रोज एक फेरी धरली तर ती पाच वर्षांहून अधिक झाली. सौर कंदिलात बोटाएवढा गोल सेल सापडतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्यावर ९९०० एमएएच छापलेले दिसले तर तो आकडा सरळ खोटा आहे, कारण या आकाराच्या चांगल्यात चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये ३५०० एमएएचच्या आसपासच मावते. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. ३० ग्रॅमच भरला तर आत माल कमी आहे.

घरी करायची चाचणी सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. बॅटरी एका दिवसात भरत नाही हे वर पाहिलेच, म्हणून दोन-तीन दिवस दिवे न लावता भरण्याचा दिवा ‘पूर्ण’ दाखवेपर्यंत चार्ज करा. मग पॅनल काढा, फोन लावू नका, एकच दिवा पूर्ण उजेडावर लावून वेळ लिहून ठेवा. आपल्या किटमध्ये ६ भागिले ०.७ म्हणजे आठ-साडेआठ तास यायला हवेत. पाचच आले तर बॅटरी ३५०० एमएएचची आहे.

या चाचणीत दिवा कसा विझतो याकडे जरूर लक्ष द्या, कारण किटची खरी लायकी तिथे कळते. चांगला दिवा शेवटपर्यंत जवळपास सारखा उजेड देतो आणि मग एकदम बंद होतो. बॅटरी २.५ व्होल्टच्या आसपास आली की कंट्रोलरने तिला तोडलेले असते. हलका दिवा हळूहळू मंदावत जातो आणि काजव्यासारखा तासन्‌तास मिणमिणत राहतो. त्याचा अर्थ दुहेरी आहे: प्रवाह सांभाळणारे सर्किट नाही, नुसता रेझिस्टर आहे, आणि बॅटरी तोडणाराही कोणी नाही. रोज असे तळापर्यंत उपसले गेले की लिथियम सेल काही महिन्यांत निकामी होतो. खोक्यावरचे काही ‘तास’ या मिणमिणण्याचेच असतात. चाचणीचा आंतरराष्ट्रीय नियम म्हणूनच उजेड सुरुवातीच्या ७० टक्क्यांवर आला की घड्याळ थांबवतो.

मंदावणे डोळ्यांना पटकन कळत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. दुसरा तसाच पण मोबाइलच्या चार्जरवर चालवलेला दिवा मिळाला तर सावलीने मोजता येते. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भिंतीपुढे एक काठी उभी करा आणि दोन्ही दिवे थोड्या अंतराने तिच्याकडे तोंड करून ठेवा. भिंतीवर दोन सावल्या पडतात. दोन्ही सारख्या गडद होईपर्यंत एक दिवा मागे-पुढे सरकवा आणि भिंतीपासूनची अंतरे मोजा. चाचणीतला दिवा १ मीटरवर आणि दुसरा १.४ मीटरवर असताना सावल्या जुळल्या, तर चाचणीतल्या दिव्याचा उजेड निम्मा झाला आहे, कारण उजेड अंतराच्या वर्गाने घटतो.

दिवा लांबच्या खोलीत मंद आणि किटजवळ लख्ख दिसत असेल तर दोष वायरचा आहे. केसासारख्या बारीक, ०.२ चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर वायरमध्ये ०.७ अँपिअरला ०.६ व्होल्ट खर्ची पडतात, आणि ३.२ व्होल्टमधून ते फार होतात. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर घातली की ही घट ०.१६ व्होल्टवर येते.

पॅनल डोक्यावर बसवलेला कंदील घेऊ नये, असे माझे मत आहे. तो चार्ज करायचा तर बॅटरीलाही दिवसभर उन्हात ठेवावे लागते, आणि बंद डब्यात ती तापून तिचे आयुष्य भराभर घटते. पॅनल वायरने वेगळे असले की पॅनल छपरावर आणि कंदील सावलीत राहतो. पॅनलही पत्र्याला चिकटवू नका. खाली चार बोटे जागा सोडून वारा खेळू द्या आणि आठवड्याला सकाळच्या गारव्यात ओल्या फडक्याने काच पुसा.