ऑटो-डेबिट फेल झालं आणि विम्याचा हप्ता राहिला: ग्रेस कधी संपतो, पॉलिसी कशी वाचवायची

आयुर्विम्याचा हप्ता ऑटो-डेबिटने जात असेल तर तो न जाण्याची कारणं बहुतेक वेळा फुटकळ असतात. कार्डाची मुदत संपून नवीन कार्ड आलेलं असतं, खातं बदललेलं असतं, त्या दिवशी खात्यात पैसे कमी पडलेले असतात, किंवा मँडेटवर, म्हणजे हप्ता कापून घ्यायला बँकेला दिलेल्या परवानगीवर, टाकलेली कमाल मर्यादा हप्त्यापेक्षा लहान असते. शेवटचं कारण फार चकवतं, कारण खात्यात भरपूर पैसे असूनही डेबिट परत येतं आणि माणूस बँकेशी भांडत बसतो. बँक स्टेटमेंटमध्ये परतीचं कारण एका ओळीत छापलेलं असतं. आधी तेवढी ओळ वाचा.

पॉलिसी बंद पडते ती बहुधा त्या कारणामुळे नाही, तर पुढच्या दोन आठवड्यांत तारखा चुकीच्या मोजल्यामुळे. गेली कित्येक वर्षं विम्याच्या अर्जांच्या टेबलापाशी बसतोय आणि तीच चूक पुन्हा पुन्हा बघतोय.

ग्रेस पिरियड म्हणजे देय तारीख टळल्यावर हप्ता भरायला मिळणारी जादा मुदत. ती मोजायची हप्त्याच्या देय तारखेपासून. डेबिट बाऊन्स झाल्याच्या तारखेपासून नाही, मेसेज आल्याच्या तारखेपासून नाही आणि कंपनीने पुन्हा प्रयत्न केल्याच्या तारखेपासून तर नाहीच. आयुर्विम्यात हा काळ बहुधा 30 दिवसांचा असतो, पण हप्ता मासिक असेल तर कित्येक पॉलिसींत तो 15 दिवसांवर येतो. नेमका आकडा तुमच्या पॉलिसीच्या कागदात असतो. शेजाऱ्याला महिनाभर मिळाला म्हणून तुम्हालाही मिळेल असं धरून चालू नका, त्याचा हप्ता वार्षिक असेल.

एक उदाहरण तारखांसकट सांगतो. एका गृहस्थांची टर्म पॉलिसी, हप्ता मासिक, देय तारीख 10 जुलै, ग्रेस 15 दिवस. कार्ड बदललेलं, त्यामुळे 10 तारखेला डेबिट परत आलं. 13 तारखेला मेसेज आला: हप्ता मिळाला नाही, पुन्हा प्रयत्न करू. 17 तारखेला पुन्हा प्रयत्न झाला, तोही फसला. यांनी 17 पासून पंधरा दिवस मोजले, म्हणजे 1 ऑगस्टपर्यंत वेळ आहे असं धरलं आणि 28 जुलैला वेबसाइटवरून निवांत पैसे भरले. प्रत्यक्षात ग्रेस 25 जुलैलाच संपला होता.

वेबसाइटने पैसे घेतले, पावतीही दिली. मात्र पावतीवर 'हप्ता' असं नव्हतं, 'अनामत' असं होतं. तो शब्द कोण वाचतो? त्याचा अर्थ असा, की तुमचे पैसे कंपनीकडे ठेव म्हणून पडून आहेत आणि पॉलिसी बंदच आहे. त्यांनी नवीन कार्ड जोडलं, 10 ऑगस्टचं डेबिट सुरळीत गेलं, त्यामुळे सगळं मार्गी लागलं असं वाटलं. ती रक्कमही अनामतीतच जमा झाली. लॅप्सचं, म्हणजे पॉलिसी बंद पडल्याचं पत्र हातात पडलं सप्टेंबरमध्ये, कारण कंपनीकडे जुना पत्ता होता. मधल्या दीड महिन्यात त्यांना काही झालं असतं तर घरच्यांना विम्याची रक्कम मिळाली नसती, फार तर अनामत परत आली असती. याउलट मृत्यू ग्रेसच्या आत झाला तर आयुर्विम्यात सहसा दावा मंजूर होतो, फक्त राहिलेला हप्ता त्यातून कापतात. तीन दिवसांच्या उशिराने एवढा फरक पडतो.

म्हणून डेबिट फेल झाल्याचं कळलं की कंपनीच्या पुढच्या प्रयत्नाची वाट बघू नका. त्याच दिवशी पॉलिसी नंबर टाकून हाताने हप्ता भरा. 'दोनदा पैसे कापले गेले तर?' ही भीती मला रोज ऐकायला मिळते. कापले गेले तर ते पुढच्या हप्त्यात वळते होतात किंवा मागून परत मिळतात. कटकट आहे, पण पॉलिसी जात नाही. भरल्यानंतर पॉलिसीच्या माहितीत 'पुढील देय तारीख' एक हप्ता पुढे सरकली का, ते बघा. पावतीपेक्षा ही तारीख खरी. नवीन मँडेट चालू व्हायला बरेच दिवस लागतात, तेव्हा त्यानंतरचा एक हप्ताही हाताने भरायची तयारी ठेवा.

चूक बँकेची असेल तर? त्या दिवशीची शिल्लक दाखवणारं स्टेटमेंट जोडून कंपनीकडे लेखी मागणी करा. कधीकधी व्याज माफ होतं. पण हप्ता पोचवायची जबाबदारी करारानुसार विमाधारकाची, ऑटो-डेबिट ही फक्त सोय, असंच उत्तर बहुतेक वेळा येतं. ते ऐकून माझाही संताप होतो, पण भांडणात दिवस घालवू नका. तक्रार आणि रिव्हायव्हल, म्हणजे बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करणं, दोन्ही एकाच वेळी चालवा.

रिव्हायव्हलची मुदत पॉलिसीत दिलेली असते आणि ती सहसा काही वर्षांची असते. त्यासाठी अर्ज, ओळखपत्र आणि थकलेले हप्ते व्याजासकट लागतात. इथपर्यंत काही अवघड नाही. अर्ज अडकतो तो आरोग्याच्या घोषणापत्रावर.

या कागदावर विचारलेली तब्येत आजची असते, पॉलिसी घेतली त्या दिवसाची नव्हे. वरच्या गृहस्थांना त्याच वर्षी मे महिन्यात रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. पॉलिसी चालू राहिली असती तर ती गोळी कंपनीला सांगायची गरजच नव्हती. पण पॉलिसी लॅप्स झाली आणि आता ते सांगणं बंधनकारक झालं. फॉर्म भरताना त्यांचा मुलगा सगळीकडे 'नाही' वर खूण करत सुटला होता. मी हात धरून थांबवलं. रिव्हायव्हलनंतर माहिती लपवल्याबद्दल दावा तपासायची मुदत बहुतेक करारांत नव्याने सुरू होते, आत्महत्येसंबंधीचं कलमही तसंच. आज खोटी खूण केली तर त्याचा जाब उद्या नॉमिनीला द्यावा लागतो.

आम्ही औषधाचं नाव, डोस आणि कधीपासून चालू आहे ते लिहिलं, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. कंपनीने रक्ताची तपासणी आणि ईसीजी मागितला. अशा वेळी कंपनी आहे त्या हप्त्यात पॉलिसी चालू करू शकते, हप्ता वाढवू शकते किंवा सरळ नकारही देऊ शकते. लॅप्स होऊन थोडेच दिवस झाले असतील तर पुष्कळदा नुसत्या घोषणापत्रावर काम होतं. जितका उशीर, तितकी तपासणी वाढते.

बचतीच्या जुन्या पॉलिसींत थोडी उसंत असते. पुरेसे हप्ते भरलेले असले तर कमी रकमेवर विमा चालू राहतो, काही पॉलिसींत साठलेल्या रकमेतून कर्ज काढून हप्ता आपोआप भरला जातो. टर्म पॉलिसीत साठलेलं काहीच नसतं, त्यामुळे तिथे असा आधारही नाही. आरोग्य आणि वाहन विम्याचे नियम वेगळे आहेत, इथलं त्यांना लावू नका.

पैसे भरले, तपासणी झाली, तरी विमा अजून चालू झालेला नसतो. तो चालू होतो रिव्हायव्हल मंजूर झाल्याच्या पत्रावर लिहिलेल्या तारखेपासून. या गृहस्थांची पॉलिसी वाढीव हप्त्यावर ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली, अनामतीतली रक्कम थकबाकीत वळती झाली. पत्र नीट वाचलं तेव्हा दिसलं, की त्यावर पत्ता अजून जुनाच छापलाय. पत्ता बदलण्याचा फॉर्म त्याच टेबलावर भरून घेतला.