टेबल मांडून बसलेला माणूस आणि 'चेंज माय माइंड'ची पार्श्वभूमी

चौकात किंवा बागेत उभं राहून आपलं मत ठोकून सांगायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी वाद घालायची पद्धत जुनीच आहे, लंडनच्या हाइड पार्कात एकोणिसाव्या शतकापासून हे चालतं. पण 'चेंज माय माइंड' या मीमचा मूळ फोटो फेब्रुवारी २०१८ चा. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला एका विद्यापीठाजवळ एक उजव्या विचारांचा कॉमेडियन टेबल मांडून बसला, हातात मग, आणि टेबलाच्या पुढच्या बाजूला बोर्ड: पुरुष असण्याचे फायदे ही निव्वळ भाकडकथा आहे, 'चेंज माय माइंड'. त्याने फोटो ट्विटरवर टाकला आणि काही दिवसांतच लोकांनी बोर्डावरची वरची ओळ पुसून आपापल्या ओळी घालायला सुरुवात केली, खालची ओळ मात्र तशीच ठेवली.

खरा गुंता त्या खालच्या ओळीतच आहे. शब्दशः ती विनंती आहे, माझं मत बदलून दाखवा. पण वाचताना ती 'हिंमत असेल तर या' अशीच वाटते. २०१३ पासून एका साइटवर जवळजवळ याच शब्दांत चर्चा चालतात, पण तिथे नियम आहे की मत मांडणाऱ्याची ते बदलायची तयारी हवी, आणि कुणी बदललंच तर त्याला डेल्टाचं चिन्ह द्यायचं. टेबलावर असला काही नियम नाही. मत बदललं का ते बसलेला माणूसच ठरवणार, म्हणजे खेळाडूही तोच आणि पंचही तोच. माझ्या मते गंभीर विषयाला हे अन्यायाचं आहे, कारण तयारी करून बसलेला एकजण आणि क्लासला निघालेला दुसरा यांची बरोबरी होतच नाही.

फुटकळ वादात मात्र ही मांडणी चपखल बसते, कारण तिथे पंच कोण याने कुणाचं काही बिघडत नाही. 'हॉट डॉग हे सँडविच आहे' हेच घ्या. एकजण म्हणतो, छे, सँडविचला ब्रेडचे दोन वेगळे तुकडे लागतात. दुसरा लगेच विचारतो, मग सबमरीन सँडविचचा पाव तर बऱ्याचदा एका बाजूने जोडलेलाच असतो, त्याचं काय? मग पहिला म्हणतो की सँडविच आडवं धरतात, हॉट डॉगचं तोंड वर असतं, आणि तिसरा विचारतो की हॉट डॉग आडवा केला तर त्याचं सँडविच होतं का. पदार्थाबद्दल कुणाचंच दुमत नाही, भांडण सगळं 'सँडविच' कशाला म्हणायचं यावर आहे, म्हणून तर ते संपत नाही.

हा मीम फसतो कुठे, तर जिथे सगळ्यांना आधीच पटलेलं असतं. 'सोमवारी कामाचा मूड नसतो' असं बोर्डावर लिहिलं की खाली नुसते 'अगदी बरोबर' येतात, वाद घालायला कुणी फिरकतच नाही. गंमत म्हणजे लाइक्स जास्त यांनाच मिळतात, त्यामुळे पुढे पुढे असेच बोर्ड वाढले आणि समोरची खुर्ची रिकामीच राहिली.