एस्टिमेट आणि पॅकेज : पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी एका काकांना लिहिलेलं पत्र

काका, स. न. वि. वि.

परवा काउंटरवर तुम्ही दोन कागद शेजारी ठेवलेत. एक आमचं 1,11,000 रुपयांचं एस्टिमेट, दुसरं तुमच्या साडूंना दुसरीकडे मिळालेलं 85,000 चं पॅकेज. ‘ऑपरेशन तेच, मग 26 हजार कशाचे?’ असं तुम्ही विचारलंत. गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

एस्टिमेट म्हणजे अंदाज. आमच्या कागदावर तीन दिवसांचं खोलीभाडं 13,500, सर्जनची फी 40,000, भूलतज्ज्ञांची 12,000, थिएटरचे 20,000, औषधं आणि सामान 18,000, आणि तपासण्यांचे 7,500 आहेत. काढलेलं पित्ताशय बायोप्सीला पाठवतात, तो खर्चही तपासण्यांतच धरलाय. शेवटचं बिल प्रत्यक्ष वापरावर होतं. दुसऱ्याच दिवशी डिस्चार्ज मिळाला तर भाडं कमी होईल. न उघडलेली औषधं फार्मसीत परत गेली की तेवढी रक्कम वजा होईल.

पॅकेज म्हणजे ठरलेल्या कामाचा ठोक भाव. लवकर घरी गेलात तरी पैसे परत येत नाहीत, आणि सामान थोडं जास्त लागलं तरी मागत नाहीत. सगळं सरळ होणार असेल तर पॅकेज चांगलंच, हे मी आमच्या काउंटरवर बसूनही सांगेन. पण त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय वगळलंय ते लिहिलेलं असतं. साडूंच्या कागदावर बायोप्सी आणि ऑपरेशनआधीच्या तपासण्या वगळल्या आहेत, म्हणजे तो आकडाही 85,000 वर थांबणारा नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन मध्येच उघडं करावं लागलं तर काय, यावर तिथे एकच ओळ आहे : ‘प्रत्यक्षानुसार आकारणी.’ म्हणजे अडचण आली की पॅकेज मोडतं आणि तिथून पुढे बाबवार बिल सुरू होतं. त्या वेळी कुठल्या दराने, हे त्यांना आधीच विचारून घ्या.

तशी वेळ दोन कारणांनी येऊ शकते. पित्ताशयाला जुनी सूज असेल, आजूबाजूला चिकटलेलं असेल, तर सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतात. ती चूक नसते, पित्तनलिकेला इजा होऊ नये म्हणून घेतलेला निर्णय असतो. मग मुक्काम तीनऐवजी पाच-सहा दिवसांचा होतो, ड्रेसिंग आणि औषधंही वाढतात. दुसरं कारण म्हणजे मुख्य पित्तनलिकेत सरकलेला खडा. तो एंडोस्कोपीने, म्हणजे ईआरसीपी करून काढतात. त्याचं बिल पूर्ण वेगळं असतं आणि आमच्या एस्टिमेटमध्येही ते नाही. याची चाहूल मात्र आधी लागू शकते : सोनोग्राफीत नलिका फुगलेली दिसते किंवा लिव्हरच्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिन वाढलेलं असतं. तुमची सोनोग्राफी मी पाहिली, पण लिव्हरचा रिपोर्ट फाइलमध्ये सापडला नाही.

आता खोलीचं. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. तुमची पॉलिसी तीन लाखांची आहे आणि तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे 3,000. (सगळ्याच पॉलिसींत ही अट नसते, तुमच्यात आहे.) तुम्ही निवडलेली सिंगल रूम 4,500 ची. ‘वरचे दीड हजार मी भरेन’ असं तुम्ही म्हणालात. तीन दिवसांचे ते 4,500 होतात, पण तेवढ्यावर भागत नाही. आमच्याकडे खोलीच्या वर्गाप्रमाणे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटरचे दर बदलतात. त्यामुळे विमा कंपनी त्या रकमाही त्याच प्रमाणात कापते. तुमचा हक्क 3,000 चा आणि खोली 4,500 ची, म्हणजे दोन तृतीयांश मंजूर. या तिन्हींचे मिळून 72,000 होतात, त्यातले 48,000 मिळतील आणि 24,000 तुमच्या खिशातून जातील. भाड्याचे धरून 28,500. औषधं, सामान आणि तपासण्यांना ही प्रमाणाची कात्री लागत नाही. मात्र ग्लोव्हज, मास्कसारख्या काही वस्तू बहुतेक पॉलिसी देतच नाहीत, ते हजार-दोन हजार वेगळे धरा.

ट्विन शेअरिंग आमच्याकडे 3,000 ला आहे. ती घेतलीत तर ही कपात होणार नाही, शिवाय त्या वर्गाचे बाकीचे दरही खाली येतील. काकूंना रात्री सोबत राहायचंय म्हणून तुम्हाला सिंगल हवी होती, हे लक्षात आहे. शेअरिंगमध्येही रुग्णासोबत एकाला राहता येतं, फक्त झोपायला खुर्चीच मिळेल.

गुरुवारी लिव्हरचा रिपोर्ट आणि पॉलिसीची खोलीभाड्याच्या अटीची पानं घेऊन या. दोन्ही खोल्यांची एस्टिमेट मी शेजारी-शेजारी काढून ठेवतो. साडूंचा कागदही आणा, त्यात वगळलेल्या बाबींपुढे आपण मिळून आकडे भरू.

आपला,
बिलिंग विभाग